पाडव्याचा निबंध नको, पाडव्याच्या सकाळची संहिता लिहून घ्या



फाल्गुन संपत आला की माझ्या टेबलावर वह्यांचा ढीग पडतो. विषय ठरलेला, 'गुढीपाडवा'. पहिली वही उघडली की पुढच्या तीस वह्या वाचायची गरज उरत नाही. साडेतीन मुहूर्त, ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केली, राम अयोध्येला आला, रेशमी वस्त्र, श्रीखंड-पुरी, आणि शेवटी 'असा हा सण मला खूप आवडतो'. आता तुम्हीच सांगा, लातूर-नांदेडच्या खेड्यात पाडव्याला किती घरांत श्रीखंड असतं? आपल्याकडं पुरणाची पोळी असते. लेकराला ते माहीत आहे, जिभेला चव आठवते आहे, तरी वहीत श्रीखंडच येतं. कारण निबंधाच्या पुस्तकात श्रीखंड आहे. म्हणजे स्वतःच्या घरात जे घडतं ते लिहायच्या लायकीचं नाही, असं आपण त्याला नकळत शिकवून ठेवलेलं आहे.

माझं मत स्पष्ट आहे. चौथी ते आठवीच्या मुलांकडून पाडव्याचा निबंध लिहून घेणं बंद करावं आणि त्याऐवजी त्या सकाळची संहिता लिहून घ्यावी. संहिता म्हणजे नाटकाची असते तशी. किती वाजता, कुठं, कोण, हातात काय, काय करतो, काय बोलतो. आदल्या दिवशी घरात विचारून लिहायची, सकाळी त्याप्रमाणे घडतं का ते बघायचं, आणि जिथं वेगळं घडलं तिथं लाल पेनानं दुरुस्ती करायची. ही दुरुस्तीच खरा अभ्यास. मी हे काही वर्षं करतो आहे. त्यात काय काय सापडतं ते सांगतो, आणि पालकांना सकाळी खरंच उपयोगी पडेल अशी माहितीही देतो.

संहितेत पहिली ओळ वेळेची. यंदा तिथंच गंमत आहे. पाडवा गुरुवारी, १९ मार्च २०२६ ला. निबंधात सगळे लिहितात, 'सूर्योदयाला गुढी उभारतात'. पण यंदा नांदेड-लातुरात सूर्य साडेसहाच्या आत-बाहेर उगवतो तेव्हा अमावास्या अजून संपलेली नसते. ती संपते सातला सातेक मिनिटं कमी असताना, आणि तिथून प्रतिपदा लागते. पुढच्या दिवशी सूर्योदय व्हायच्या आत प्रतिपदा संपूनही जाते. म्हणजे दोन्ही सूर्योदयांना ती सापडत नाही. अशा तिथीला क्षयतिथी म्हणतात, आणि मग ती ज्या दिवशी लागते तोच दिवस धरतात. मुलांना फळ्यावर दोन सूर्य काढून मधे तिथीची पट्टी ओढून दाखवा, एका मिनिटात समजतं. सहावीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, मग यंदा आई म्हणती तसं पहाटे उठायची घाई नाही." पहाटे उठावंच लागेल बाई, अंगण कोण सारवणार! पण काठी उभी करायला सात वाजून गेले तरी काही बिघडत नाही.

तारखेचंही तेच. २०२४ ला पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ ला ३० मार्चला, यंदा १९ मार्चला. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो आहे, कारण चंद्राची बारा महिन्यांची फेरी साधारण ३५४ दिवसांत पुरी होते. असंच चालू राहिलं तर पाडवा थंडीत जाईल. तो जाऊ नये म्हणून यंदा अधिक ज्येष्ठ महिना येतो आणि २०२७ चा पाडवा उडी मारून ७ एप्रिलला जातो. माझ्या वर्गात मुसलमान मुलं आहेत. यंदा रमजान ईद याच अमावास्येनंतरच्या चंद्रकोरीवर ठरणार आहे. दोघांचा चंद्र एकच, फक्त हिजरी सनात अधिक महिना धरत नाहीत, म्हणून ईद सगळ्या ऋतूंतून फिरून येते आणि पाडवा मार्च-एप्रिल सोडत नाही. हे वर्गात सांगितलं तेव्हा दोन बाकांवरची मुलं एकमेकांकडं बघून हसली. तेवढ्यासाठी तरी हा तास घ्यावा.

आता साहित्य. संहितेत 'साहित्य' असा शब्द लिहून चालत नाही. काठी कुठून आली, पाला कुणी तोडला, कापड कुणाचं, गाठी कधी आणली, हे लिहायचं.

काठी वेळूची. शेताच्या बांधाला बेट असेल तर आदल्या दिवशी तोडून आणतात, नाहीतर गेल्या वर्षीचीच माळ्यावरून काढतात. दाराच्या उंचीहून थोडी जास्त, म्हणजे सात-आठ फूट पुरते. फार उंचीच्या नादाला लागू नका, कारण वर जितकं वजन तितकी ती वाकते. धुऊन, पुसून, सुकवून तेलाचा हात फिरवतात आणि हळदी-कुंकवाची बोटं ओढतात. सुकवण्यावर मी जोर देतो. गच्चीत किंवा गॅलरीत गुढी उभारताना वरून विजेची तार जात असेल तर ओली काठी धोक्याची असते. ओल्या वेळूतून वीज उतरते. तार हाताच्या अंतरावर असेल तर तिथं गुढी उभारूच नये, खाली अंगणात उभारावी. हे वाक्य मी मुलांच्या संहितेत सक्तीनं लिहून घेतो, कारण शहरातल्या घरांत काठी उचलायचं काम बहुतेक वेळा पोरांवरच येतं.

कापडाबद्दल मात्र माझं निबंधवाल्यांशी भांडण आहे. 'रेशमी वस्त्र' हे दोन शब्द वाचून कितीतरी लेकरं खाली मान घालतात. एका मुलानं संहितेत लिहिलं होतं, 'मायची लग्नातली साडी पेटीतून काढली, तिच्यावर डाग आहे, डाग आतल्या बाजूला घेऊन निऱ्या घातल्या.' मी त्या वहीवर शेरा मारायचं विसरून किती तरी वेळ तशीच हातात धरून बसलो होतो. कापड कोरं असावं अशी पद्धत आहे, खण चालतो, नवं धोतर चालतं, साडी तर सगळीकडं दिसते. आणि हे कापड नंतर वापरायचंच असतं. बऱ्याच घरांत नवी साडी आधी गुढीला लागते आणि मग घरातली बाई नेसते. कुठल्याही पालकानं गुढीसाठी म्हणून कर्ज-उधारीवर रेशीम आणू नये.

पाला लिंबाचा. आपल्याकडं लिंब म्हणजे कडुलिंबच, फळवाला तो लिंबू. पण हल्ली रस्त्याच्या कडेला, नवीन प्लॉटिंगमधे बकाणा नावाचं झाड लावलेलं दिसतं. पान दुरून लिंबासारखंच, आणि मुलं तेच तोडून आणतात. बकाण्याची फळं विषारी असतात, म्हणून त्याचं काहीही तोंडात घालू नये. ओळखायची खूण सोपी आहे. लिंबाचा फुलोरा पांढरट आणि बारीक असतो, बकाण्याची फुलं जांभळट. फूल आलेलं नसेल तर पान बघा. लिंबाची एक काडी घेतली तर तिच्या दोन्ही बाजूंना वाकड्या कोयत्यासारखी पानं एका ओळीत असतात. बकाण्याची काडी पुन्हा फुटते, तिला बारक्या काड्या येतात आणि त्यांना पानं लागतात. हे पाठ्यपुस्तकातलं संयुक्त पान शिकवायला यापेक्षा चांगला दिवस नाही. तरीही शंका आली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय पाला वापरू नये.

पाडवा लवकर आला की आणखी एक अडचण होते. आपल्याकडं लिंबाची पानगळ होऊन मार्चमधे तांबूस कोवळी पालवी फुटते आणि फुलोरा भरात येतो तो त्यानंतर. एप्रिलमधल्या पाडव्याला फुलांचे गुच्छ सहज मिळतात, १९ मार्चला एखाद्या झाडावर नुसत्या कळ्या, एखाद्यावर तेवढ्याही नाहीत. मग आया म्हणतात, "फूल नाही तर प्रसाद कसला?" कोवळी पालवी घ्या. तीच चालते.

प्रसादाचं प्रमाण सांगतो, पाच माणसांच्या घरासाठी. रात्री दोन चमचे हरभऱ्याची डाळ भिजत घालायची. सकाळी लिंबाची दहा-बारा अगदी कोवळी पानं किंवा दोन चमचे फुलं, दोन चमचे गूळ, बोराएवढी चिंच, चिमूटभर ओवा, जिरं, हिंग, मीठ, आणि सगळं भरड वाटायचं. बारीक वाटलं की कडूपणा सगळीकडं सारखा पसरतो आणि मुलं थुंकतात. भरड ठेवलं तर आधी गूळ लागतो, डाळ चावली जाते आणि कडू मागून येतं. मी देगलूर भागात नोकरीला होतो तेव्हा शेजारच्या तेलुगू घरात हेच उगादीची पचडी म्हणून पातळ केलेलं मिळायचं, कैरी घातलेलं. उदगीर-निलंग्याच्या कडेला कानडी घरांत बेवु-बेल्ल, म्हणजे लिंब आणि गूळ. एकाच सकाळी, पन्नास-साठ किलोमीटरच्या आत, एकच कडू-गोड तीन भाषांत. तुमच्या वर्गात अशी घरं असतील तर त्यांच्या संहिता मोठ्यानं वाचायला लावा.

आणि कृपा करून 'लिंबाने रक्त शुद्ध होते' हे वाक्य लिहून घेऊ नका. वर्षातून एकदा चमचाभर खाल्ल्यानं रक्ताचं काय होतं हे सिद्ध करून दाखवायला सांगितलं तर आपली अडचण होईल. 'कडू लागलं, मग गूळ लागला' असं लिहिलेलं जास्त खरं आहे.

गाठी. ही साखरेची माळ आपल्याकडं होळीपासूनच बाजारात दिसायला लागते, लेकरांच्या गळ्यात पडते आणि पाडव्याला गुढीच्या. साखरेचा पक्का पाक लाकडी साच्यात ओततात, साच्यातून दोरा ओवलेला असतो, पाक थंड होऊन घट्ट झाला की माळ तयार. एका मुलानं संहितेत लिहिलं होतं, 'गाठी सकाळी बांधायची होती, पण होळीतच खाल्ली, म्हणून दोऱ्याला बत्तासे बांधले.' शंभरपैकी शंभर गुण.

आता बांधायचा क्रम. इथं सगळ्यात जास्त चुका होतात आणि तांब्या डोक्यात पडल्याच्या गोष्टी दरवर्षी ऐकायला मिळतात. चूक अशी की सगळं एकाच सुतळीत गुंडाळतात. साडी, पाला, हार, गाठी एका गाठीत. मग पाल्याचा फुगवटा तांब्याच्या आत जातो, तांब्या काठीवर न बसता पाल्यावर बसतो आणि तिरका होतो.

नीट करायचं तर काठी जमिनीवर आडवी ठेवा. साडीची लांबीत घडी घालून वीतभर रुंदीच्या निऱ्या करा. टोकापासून चार बोटं जागा सोडून सुतळीचे दोन वेढे देऊन निऱ्या घट्ट बांधा. ती चार बोटं तांब्याची जागा, तिथं दुसरं काही येऊ द्यायचं नाही. मग दुसऱ्या सुतळीनं, पहिल्या गाठीच्या खाली, लिंबाचा आणि आंब्याचा डहाळा. त्यावर फुलांचा हार आणि गाठी नुसती अडकवायची, बांधायची नाही, म्हणजे संध्याकाळी काढताना तुटत नाही. शेवटी तांब्या उपडा. काठीचं टोक दीड इंचाचं आणि तांब्याचं तोंड त्याच्या दुपटीहून मोठं असतं, त्यामुळं तो खडखडणारच. टोकाला सुती कापडाची पट्टी गुंडाळत जा आणि तांब्या थोडा दाबून बसेल इतकी जाड करा. परीक्षा अशी की गुढी उभी करण्याआधी काठी हातात धरून दोनदा हलवा. आवाज आला तर पट्टी कमी पडली आहे. आवाज नाही, पण तांब्याचं बूड एका अंगाला झुकलेलं दिसतंय, तर आत पाला गेला आहे. काढून पुन्हा बसवा.

उभी केल्यावर दोन ठिकाणी बांधायची, एक गुडघ्याच्या उंचीवर आणि एक खांद्याच्या. एकाच जागी बांधली तर दुपारच्या वाऱ्यानं काठी स्वतःभोवती फिरते आणि साडी गुंडाळली जाते. आपल्याकडं चैत्रातली वावटळ कशी असते ते सांगायला नको.

तांब्या उपडा का, हा प्रश्न दरवर्षी येतो. मला तो पहिल्यांदा टोचला २०१६ साली. त्या वर्षी पाडवा ८ एप्रिलला होता. मांजरा धरण कोरडं पडलेलं, लातूर शहरात नळाचं नाव नव्हतं, पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमधेच जमावबंदी लावलेली. पाडव्यानंतर चार दिवसांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. त्या पाडव्याला एका मुलीनं विचारलं, "सर, घरातल्या सगळ्या पूजेत तांब्या भरून ठेवतात. मग गुढीचाच रिकामा, उलटा का?" त्या वर्षी तिच्या घरात सगळेच तांबे रिकामे होते, म्हणून तिला तो दिसला. मी काहीतरी तेजोलहरींचं ऐकीव उत्तर दिलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

आता मी सांगतो ते असं. ज्ञानेश्वरीत आणि चोखोबांच्या अभंगात गुढी हा शब्द येतो, पण तिथं ती पाडव्याशी बांधलेली नाही. आनंद झाला, विजय झाला, चांगली बातमी आली की गुढी उभारायची, असा तो वापर आहे. म्हणजे गुढी ही खूण आहे, लांबून दिसण्यासाठी उंच केलेली. ध्वजाच्या टोकाला, देवळाच्या शिखराला चमकणारं काहीतरी लागतंच. घरात चमकणारी वस्तू कोणती, तर घासलेला तांब्याचा तांब्या. आणि काठीच्या टोकावर तांब्या बसायचा तर उपडाच बसणार. हे माझं अनुमान आहे आणि मुलांना मी अनुमान म्हणूनच सांगतो. अर्थ सांगताना 'गोष्ट', 'इतिहास' आणि 'सरांचा अंदाज' असे तीन रकाने फळ्यावर करतो. राम अयोध्येला आला, ब्रह्मदेवाने सृष्टी केली, शालिवाहनाने मातीच्या सैन्यात प्राण फुंकला, ही सगळी गोष्टींच्या रकान्यात. ती सांगावीतच, पैठण आपल्या मराठवाड्यातलंच आहे. इतिहासाच्या रकान्यात एवढंच की शकाची मोजणी इसवी सन ७८ पासून होते, आणि तिला शालिवाहनाचं नाव पुष्कळ शतकांनंतर चिकटलं. २०२६ मधून ७८ वजा केले की १९४८. पण पाडव्याच्या आदल्या दिवशी १९४७ असतं, म्हणजे जानेवारी ते पाडवा ७९ वजा करायचे. चौथीच्या मुलांना ही वजाबाकी भयंकर आवडते, बापाच्या जन्माचा शक काढत बसतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्यावर येतो. काही वर्षांपूर्वी पाचवीतल्या एका मुलाची संहिता अशी होती, जशीच्या तशी आठवते. 'सकाळी सहा. माय सडा टाकते. साडेसहा. बापू मालकाच्या वाड्यावर जातात. मालकाची गुढी बापू उभी करतात. मालक पानसुपारी देतात. साल ठरतं किंवा मोडतं. बापू घरी आल्यावर आमची गुढी. मोडलं तर आमची गुढी नाही, सामान बांधायचं.'

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आपल्याकडं शेतावर वर्षभर राबणाऱ्या माणसाला सालगडी म्हणतात आणि त्याचं साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असतं. बोली ठरते, उचल मिळते, पूर्वी धान्य, कपडे, चप्पल-जोडा त्यात धरला जायचा. पाडव्याला जुन्या सालाचा हिशेब होतो. पटलं तर तोच मालक पुढं, नाही पटलं तर दुसऱ्या गावी दुसरा मालक. शेतातल्या कोठ्यावर राहणारं कुटुंब एका दिवसात ट्रॅक्टरवर सामान टाकून निघतं. पंचांगातल्या नव्या वर्षाचा सगळ्यात रोकडा अर्थ आपल्या भागात या माणसाला कळतो. आणि आपल्या एकाही निबंधात तो नाही.

त्या मुलाचं साल त्या वर्षी मोडलं. मला कळलं ते चार दिवसांनी, हजेरी घेताना. मुलं म्हणाली, "सर, ते गेलं." कुठं? "तिकडं, लोह्याकडं कुठंतरी." वार्षिक परीक्षा तोंडावर. फोन नंबर बंद. दाखला माझ्या कपाटात. पुढं ते कुठल्या शाळेत गेलं की गेलंच नाही, मला आजपर्यंत माहीत नाही. आणि ही चूक माझी होती, कारण संहिता मी पाडव्याच्या आठ दिवस आधी वाचली होती. 'मोडलं तर सामान बांधायचं' हे वाक्य वाचून मी काय केलं? भाषा छान आहे म्हणून वर्गात वाचून दाखवलं.

आपण शिक्षक त्याच दिवशी 'गुढीपाडवा, पट वाढवा' म्हणून गावात फेरी काढतो, पहिलीच्या लेकरांची नावं घालतो, फोटो टाकतो. एका दारानं पट वाढतो तेव्हाच दुसऱ्या दारानं पाचवी-सहावीची लेकरं निघून जातात, आणि त्यांचा फोटो कुणी काढत नाही. माझं म्हणणं आहे की पट वाढवण्याच्या फेरीआधी आठ दिवस दुसरी फेरी काढावी, कोठ्यांवरची. विचारायचं एवढंच, "यंदा साल कुठं?" नक्की नसेल तर जिकडं बोलणं चालू आहे त्या गावांची नावं लिहून घ्यायची, घरातल्या माणसाखेरीज एखाद्या नातेवाइकाचा नंबर घ्यायचा. जायचं ठरलं तर दाखला त्याच दिवशी हातात द्यायचा. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यावा असं म्हटलं आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही हेही त्यातच आहे. बापाला हे दुसरं वाक्य नीट समजावून सांगा. बरेच जण 'कागद नाही' म्हणून पोराला जूनपर्यंत घरी ठेवतात, आणि जूनपर्यंत ते पोरगं मालकाच्या शेळ्यांमागं लागलेलं असतं. शक्य असेल तर नव्या गावच्या शाळेतल्या गुरुजींना फोन करा आणि परीक्षेला तिथं बसवून घ्यायची विनंती करा. माझ्या अनुभवात बहुतेक जण हो म्हणतात.

मला लोक विचारतात, सणाच्या संहितेत हे दुःख कशाला? लेकरांना आनंदानं लिहू द्या की. मी दुःख लिहायला सांगत नाही. मी फक्त 'सकाळी सहा, कोण कुठं' एवढं विचारतो. ज्याच्या घरी पुरण शिजतं तो पुरण लिहितो. ज्याचा बाप दुसऱ्याची गुढी उभारून मग घरी येतो तो ते लिहितो. यात एक काळजी मात्र घ्यावी लागते, ती मी चुकून शिकलो. अशा वह्या वर्गात मोठ्यानं वाचू नयेत, निदान मुलाला विचारल्याशिवाय नाही.

पालकांना एक विनंती. मंगळवारी किंवा बुधवारी लेकरू वही घेऊन तुमच्याजवळ बसेल आणि विचारेल, "आपल्या घरी सकाळी आधी काय करतात?" तेव्हा 'पुस्तकात बघ' म्हणू नका. आजी असेल तर तिच्याकडं पाठवा. आणि गुढी उतरवायची ओळ संहितेत राहून जाते, ती लिहून घ्या. सूर्य मावळायच्या आत, हळद-कुंकू वाहून, गूळ किंवा साखरेचा नैवेद्य दाखवून काठी आडवी करायची. आधी तांब्या काढायचा, मग गाठी, मग साडी. गाठीला दिवसभरात मुंग्या लागलेल्या असतात, झटकून मगच लेकरांच्या हातात द्या.

आमच्या शाळेची कोठ्यांवरची फेरी यंदा ११ मार्चला, बुधवारी दुपारी आहे. बारा कोठे आहेत, दोघे शिक्षक आहोत.